नो पार्किंग आणि नो स्टॉपिंग: गाडी कुठे थांबवता येते, कुठे उभी ठेवता येते आणि कुठे लावता येते?

महाराष्ट्रातल्या शहरांत गाडी चालवणाऱ्यांकडून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळे नियम पाठ करायची गरज नाही. दोन गोष्टी कळल्या की बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात: पाटीवर रेघ एक आहे की दोन, आणि आपली गाडी त्या क्षणी नेमकी कशासाठी थांबली आहे.

थांबणं, उभं राहणं आणि पार्किंग यांत फरक काय?

तिन्हींत गाडीची चाकं थांबलेलीच असतात. फरक कारणात आहे आणि ते कारण किती वेळ टिकतं यात आहे.

गाडी थांबवणं म्हणजे चालती गाडी स्वतःच्या इच्छेने स्थिर करणं, मग ते क्षणभरासाठी का असेना. सिग्नल लाल झाला, पुढे कोंडी झाली, पोलिसांनी हात दाखवला किंवा कोणी अचानक आडवं आलं म्हणून थांबावं लागलं, तर ते यात धरत नाहीत. तिथे थांबणं हाच नियम असतो.

गाडी उभी ठेवणं म्हणजे माणसं चढण्या-उतरण्यासाठी किंवा सामान चढवण्या-उतरवण्यासाठी लागेल तेवढा वेळ थांबणं. काम सुरू आहे तोवर गाडी उभी, काम झालं की निघायचं.

यापलीकडे गाडी कोणत्याही कारणाने जागेवर राहिली की ते पार्किंग. चालक उतरून गेला तरी पार्किंग, आणि चालक आत बसून कोणाची वाट पाहत असेल तरी पार्किंगच. बहुतेक भांडणं या शेवटच्या वाक्यावरून होतात.

हा फरक आपल्या कायद्यातही दिसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ नुसार गाड्या अमर्याद किंवा ठरावीक काळ उभ्या राहू शकतील अशा जागा राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा ठरवते. त्याच कलमात प्रवासी वाहनांना, प्रवासी घेण्या-उतरवण्याला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ कुठे थांबता येईल, त्या जागा वेगळ्या ठरवण्याची तरतूद आहे. म्हणजे प्रवासी उतरवण्यापुरतं थांबणं ही एक गोष्ट आणि त्याहून जास्त थांबणं ही दुसरी, असं कायद्याने धरलेलं आहे.

दोन्ही पाट्या लांबून कशा ओळखायच्या?

दोन्ही गोल, निळ्या पार्श्वभूमीच्या आणि लाल कडेच्या असतात. निळ्यावर एकच तिरपी लाल रेघ असेल तर नो पार्किंग. दोन लाल रेघा एकमेकींना छेदून फुली झाली असेल तर थांबायला आणि उभं राहायलाही मनाई. शहरांत पांढऱ्या गोलात काळं इंग्रजी पी अक्षर आणि त्यावर लाल रेघ अशीही पाटी दिसते. ती नो पार्किंगचीच. चौकोनी निळ्या पाटीवरचं पांढरं पी मात्र पार्किंगची परवानगी देतं.

मुख्य पाटीखाली लहान पट्टी असेल तर ती वाचल्याशिवाय गाडी सोडू नका. बाण असेल तर बंदी पाटीपासून कोणत्या बाजूला लागू आहे ते कळतं, दोन्हीकडे बाण असतील तर दोन्ही बाजूंना. पट्टीवर वेळ असेल तर बंदी तेवढ्याच वेळेत. कधी पार्किंगच्या पाटीखाली ‘फक्त दुचाकीसाठी’ असं लिहिलेलं असतं, तिथे चारचाकी लावली तर ती चुकीच्या जागीच लागली.

रस्त्याच्या कडेला किंवा फुटपाथच्या कठड्यावर सलग पिवळी रेघ असेल तर तीही पार्किंगला मनाई सांगते. दुभाजकांवर आणि कठड्यांवर दिसणारे काळे-पांढरे किंवा काळे-पिवळे पट्टे वेगळे. ते रात्री कडा दिसावी म्हणून असतात, पार्किंगशी त्यांचा संबंध नाही. काही चौकांत मधोमध पिवळ्या तिरप्या रेघांची जाळी असते. पुढे बाहेर पडायला जागा असेल तरच त्या जाळीत शिरायचं. सिग्नल हिरवा असला तरी जाळीवर अडकून उभं राहायचं नाही, कारण मग आडवी येणारी सगळी वाहतूक अडते.

नो पार्किंगमध्ये कोणाला उतरवायला थांबलो तर चालतं का?

पाटी एका रेघेची असेल आणि मागची वाट अडत नसेल तर हो. माणूस उतरला, डिकीतली बॅग काढली, दार लावलं की निघायचं. फुलीच्या पाटीखाली एवढंही करता येत नाही. तिथे रिक्षालाही हात दाखवू नका. रिक्षावाला थांबला तर चलान त्याच्या गाडीवर येतं आणि त्याचा दिवसाचा हिशोब बिघडतो.

मी गाडीतच बसलो होतो, इंजिनही चालू होतं. मग ते पार्किंग कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

चालक सीटवर असला म्हणजे गाडी पार्क केलेली नाही, हा समज खूप पसरलेला आहे. तो बहुधा कलम १२६ वरून आला असावा. सार्वजनिक जागी गाडी स्थिर ठेवायची तर चालकाच्या जागी परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, असं ते कलम सांगतं. पण हा नियम गाडी आपोआप घरंगळून कोणाला लागू नये यासाठी आहे. चालक बसला की कुठेही थांबता येतं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

शाळा सुटायच्या आधी अर्धा तास फाटकासमोर ओळीने उभ्या राहणाऱ्या गाड्या आठवून पाहा. प्रत्येकीत कोणी ना कोणी बसलेलं असतं. तरी त्या मुलांची वाट पाहत उभ्या आहेत, म्हणून त्या पार्क केलेल्याच आहेत. त्यांच्यामुळे स्कूल बसला कडेला लागता येत नाही, बस रस्त्याच्या मधे थांबते, आणि लहान मुलं दोन ओळींमधून वाट काढत धावतात. ती मुलं गाड्यांच्या बॉनेटपेक्षा बुटकी असतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाहीत. चालक आत बसलेला असल्याने त्या मुलांच्या वाट्याचा धोका जराही कमी होत नाही.

चालक आत असण्याचा खरा फायदा एकच. पोलिसांनी सांगितल्याबरोबर तो गाडी काढू शकतो, आणि अशा वेळी बहुतेकदा गाडी उचलली जात नाही. दंड मात्र होऊ शकतो.

हॅझर्ड लाइट लावून दोन मिनिटं थांबलं तर?

चारही इंडिकेटर लावल्याने बंदीची जागा परवानगीची होत नाही. ते दिवे गाडी बिघडली आहे किंवा पुढे धोका आहे हे मागच्यांना कळवण्यासाठी आहेत. वडापाव घेण्यासाठी ते लावले जाऊ लागले की खरोखर बिघडलेल्या गाडीच्या दिव्यांकडेही कोणी लक्ष देत नाही.

एखादं उदाहरण देऊन सांगाल का?

समजा, तुम्ही आईला रेल्वे स्टेशनवर सोडायला निघाला आहात. सोबत दोन बॅगा आहेत आणि आईचे गुडघे दुखतात. स्टेशनसमोरच्या रस्त्यावर एका रेघेची नो पार्किंगची पाटी आहे.

पहिला प्रसंग. तुम्ही अगदी डाव्या कडेला थांबता, उतरून बॅगा फुटपाथवर ठेवता, आईला हात देऊन उतरवता आणि निघता. गुडघ्यांमुळे आईला उतरायला वेळ लागला तरी हरकत नाही. तो वेळ उतरण्यातच गेला. हे उभं राहणं झालं, पार्किंग नाही.

दुसरा प्रसंग. आई उतरली आणि लक्षात आलं की तिकिटाची प्रिंट घरी राहिली. भाऊ धावत समोरच्या दुकानात प्रिंट काढायला जातो आणि तुम्ही स्टीअरिंगवर बसून राहता. आता चढ-उतार सुरू नाही, तुम्ही वाट पाहताय. गाडी न हलवता आणि तुम्ही न उतरताही इथून पुढे हे पार्किंग आहे. एक फेरी मारून परत येणं किंवा पार्किंगच्या जागी जाऊन थांबणं हाच योग्य मार्ग.

तिसरा प्रसंग. बॅगा जड आहेत म्हणून तुम्ही हॅझर्ड लावून, गाडी कुलूपबंद करून आईला फलाटापर्यंत सोडायला जाता. यात तर शंकाच नाही. परत येईपर्यंत गाडी जागेवर नसेल तर टोइंगवाल्यांना दोष देता येणार नाही. आईला फलाटापर्यंत पोचवायचं हे आधीच ठरलं असेल तर आधी स्टेशनच्या वाहनतळात गाडी लावा आणि तिथून चाला. हमाल किंवा व्हीलचेअर घेतली तर जिन्याचा त्रासही वाचतो.

आता याच रस्त्यावर फुलीची पाटी आहे असं समजा. मग पहिला प्रसंगही चालत नाही. आईला पुढे नेमून दिलेल्या जागी, म्हणजे ड्रॉपच्या लेनमध्ये किंवा वाहनतळातच उतरवावं लागेल. फुलीची पाटी साधारण अशाच ठिकाणी लावतात, जिथे एक गाडी क्षणभर थांबली तरी मागची रांग चौकापर्यंत पोचते.

नेमकी किती मिनिटं थांबलेलं चालतं?

मिनिटं मोजण्यापेक्षा चढ-उतार सुरू आहे का, हे पाहा. ‘दोन मिनिटं तर झाली’ हा युक्तिवाद रस्त्यावर टिकत नाही. चार माणसं आणि आठ बॅगा उतरवण्यात गेलेला वेळ खराखुरा कामाचा. कोणीच चढत-उतरत नसताना एक मिनिट थांबलो तर ते एक मिनिटही वाट पाहण्याचंच.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना घड्याळ बघावं लागतं. तिथला नियम सांगतो की चालकाने गाडी सोडली किंवा गाडी तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबली, तर ती पार्क केली असं धरायचं. एका रेघेची आणि फुलीची निळी पाटी तिथेही आपल्यासारखीच दिसते. न्यूयॉर्कमध्ये मात्र तीन वेगळ्या पाट्या आहेत. नो पार्किंगच्या जागी माणसं आणि सामान दोन्ही चढवता-उतरवता येतं. नो स्टँडिंगच्या जागी फक्त माणसं, सामानासाठी थांबायचं नाही. नो स्टॉपिंगच्या जागी दोन्हींना मनाई. भारतातून नव्याने गेलेल्यांचा मधल्या पाटीपाशी हमखास गोंधळ होतो, कारण आपल्याकडे ती वेगळी पाटी नाही.

पाटीच नसेल तर गाडी लावता येते का?

पाटी नाही म्हणजे मोकळीक आहे, असं मुळीच नाही. काही जागांवर पाटी असो वा नसो, गाडी लावायची नाही असं वाहन चालवण्याचे केंद्रीय नियम सांगतात. १९८९ च्या नियमावलीत ही यादी होती आणि २०१७ मध्ये तिच्या जागी आलेल्या नियमावलीतही आहे. चौक, वळण, चढाचा माथा आणि पूल यांच्या जवळ, फुटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर, बस थांब्याजवळ, शाळा किंवा रुग्णालयाच्या दारासमोर, एखाद्या इमारतीचं प्रवेशद्वार किंवा वाहतुकीची पाटी झाकली जाईल अशा जागी गाडी लावता येत नाही. आधीच लावलेल्या गाडीला खेटून दुसरी ओळ करणं, म्हणजे डबल पार्किंग, हेही त्याच यादीत आहे.

यातली बस थांब्याची जागा विशेष जपावी असं वाटतं. थांब्यावर एक गाडी उभी असली की बस कडेला येऊ शकत नाही आणि दुसऱ्या लेनमध्ये थांबते. मग काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना आधी फुटपाथवरून रस्त्यावर उतरावं लागतं, मग तिथून बसच्या उंच पायरीवर चढावं लागतं. बस कडेला लागली असती तर त्यांना एकच लहान पायरी चढावी लागली असती.

फुटपाथवर दुचाकी लावताना ‘माणूस बाजूने जाऊ शकतो’ असा विचार केला जातो. पण व्हीलचेअर जात नाही, बाबागाडी जात नाही, आणि पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध व्यक्तीला हँडल कुठे आडवं आहे ते कळत नाही.

पी-१, पी-२ म्हणजे काय?

पुण्यातल्या बऱ्याच अरुंद रस्त्यांवर ही सम-विषम पद्धत आहे. एका तारखेला एका बाजूला पार्किंग, दुसऱ्या तारखेला समोरच्या बाजूला. कोणत्या बाजूला कोणत्या तारखा, ते पाटीवरच लिहिलेलं असतं, म्हणून अंदाज न लावता ती पाटी वाचावी.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. रात्री नऊला बरोबर बाजूला लावलेली गाडी मध्यरात्रीनंतर चुकीच्या बाजूला येते. सकाळी टोइंग गाडी आली की मालकाला वाटतं आपण तर नियम पाळला होता. दुसरी गोष्ट महिन्याच्या शेवटी घडते. ३१ तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम, त्यामुळे सलग दोन दिवस एकच बाजू राहते. रोज बाजू बदलायची सवय झालेले लोक त्या सकाळी गाडी विनाकारण समोर नेऊन ठेवतात आणि दंड भरतात.

सोसायटीने किंवा दुकानदाराने लावलेली ‘नो पार्किंग, हवा सोडली जाईल’ ही पाटी पाळावी लागते का?

सार्वजनिक रस्त्यावर वाहतुकीची पाटी लावण्याचा अधिकार कलम ११६ नुसार राज्य सरकारचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेचा आहे. शहरांत वाहतूक शाखा अधिसूचना काढून नो पार्किंग जाहीर करते आणि मग पाटी लागते. दुकानदाराने रंगवून घेतलेल्या फलकाला, रस्त्यात ठेवलेल्या कुंडीला किंवा साखळीला हे बळ नसतं. हवा सोडणं तर कोणाच्याच अधिकारात बसत नाही. चाकाला जॅमर लावायचा तरी कलम १२७ नुसार त्या हद्दीतल्या गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने ते सांगावं लागतं.

तरी फलक बेकायदा आहे म्हणून तिथे गाडी लावा, असा याचा अर्थ नाही. तो फलक फाटकासमोर असेल तर फाटक अडवायला मुळातच मनाई आहे. वरच्या मजल्यावर कोणाला रात्री छातीत दुखायला लागलं आणि रुग्णवाहिका आत येऊ शकली नाही, तर फलक कोणी लावला याची चर्चा कोणाच्या उपयोगाची नाही. फलक फाटकाच्या दोन्ही बाजूंना लांबपर्यंत असेल आणि तो रस्ता सार्वजनिक असेल, तर वाद न घालता वाहतूक शाखेकडे किंवा महापालिकेकडे लेखी तक्रार करावी.

पुलावर, सी लिंकवर किंवा द्रुतगती मार्गावर फोटोसाठी क्षणभर थांबता येईल का?

नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या सगळीकडे गाडी थांबवायला मनाई आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला तेव्हा पहिल्याच दिवसांत कठड्याशी गाड्या थांबवून फोटो काढणाऱ्यांवर पोलिसांना कारवाई करावी लागली होती.

ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे येते. समोरची गाडी चालत नसून थांबलेली आहे, हे मागच्या चालकाच्या लक्षात यायलाच एक-दोन सेकंद जातात. तोवर २८ ते ५६ मीटर संपलेले असतात, आणि ब्रेकवर पाय अजून पडायचा असतो.

गाडी बंद पडली तर काय करायचं?

बिघाडाने थांबणं हा गुन्हा नाही, पण गाडी धोक्याच्या जागी तशीच सोडून देणं हा कलम १२२ खाली गुन्हा आहे. जमेल तेवढी डावीकडे घ्या. हॅझर्ड लाइट लावा, कारण ते याचसाठी आहेत. परावर्तक त्रिकोण मागे पुरेशा अंतरावर ठेवा. वळण असेल तर वळणाच्या आधी, म्हणजे गाडी दिसण्याआधी त्रिकोण दिसेल. मग सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. द्रुतगती मार्गावर आत बसून राहणं किंवा गाडीच्या मागे उभं राहून टायर बदलणं सगळ्यात जास्त धोक्याचं. मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

टेम्पोतून माल उतरवायचा आहे, पण दुकानासमोर नो पार्किंग आहे. मग?

एका रेघेच्या पाटीखाली माल प्रत्यक्ष उतरत असेल तर ते उभं राहणं. चालक चहाला गेला आणि माल तसाच पडून असेल तर पार्किंग. मात्र बाजारपेठांत मालवाहू गाड्यांना ठरावीक वेळेतच प्रवेश देणाऱ्या वेगळ्या अधिसूचना असतात. पाटी पाळली तरी ती वेळ मोडल्याचा दंड होऊ शकतो. हमाल आधी बोलावून ठेवले की यातला बराचसा त्रास वाचतो.

गाडी उचलून नेण्याचे नियम काय आहेत?

कलम १२७ हा त्याचा आधार. मनाई असलेल्या जागी लावलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तास अथवा जास्त बेवारस सोडलेली गाडी उचलायची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. टोइंगचा खर्च दंडाव्यतिरिक्त मालकाने द्यायचा असतो. टोइंग व्हॅनवरची पोरं कंत्राटदाराची असतात, निर्णय मात्र पोलिसांचा असावा लागतो. व्हॅनसोबत पोलीस नसेल तर तो कुठे आहे, हे शांतपणे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

गाडीत माणूस असताना गाडी ओढू नये, ही साधी सुरक्षेची गोष्ट आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एक आई मागच्या सीटवर बाळाला पाजत असताना गाडी ओढून नेली गेली. तिचा व्हिडिओ पसरला आणि संबंधित वाहतूक पोलिसाला निलंबित करण्यात आलं. असं घडताना दिसलं तर भांडत बसू नका. काच खाली करून आत माणूस आहे हे मोठ्याने सांगा, व्हॅन थांबली की उतरा, आणि मग दंडाबद्दल बोला.

गाडी जागेवर नसेल तर चोरीची तक्रार देण्याआधी आजूबाजूच्या दुकानात विचारा आणि जवळच्या वाहतूक चौकीत किंवा नियंत्रण कक्षात गाडीचा नंबर सांगा. सोडवायला जाताना परवाना, गाडीची कागदपत्रं आणि ओळखपत्र न्या. ताब्यात घेण्याआधी चौकीतच गाडीभोवती एक फेरी मारून बंपर, आरसे आणि दुचाकी असेल तर हँडल लॉक पाहा. ओरखडा नवा असेल तर तिथेच फोटो काढून लेखी नोंद करून घ्या. बाहेर पडल्यावर तो कधीचा हे सिद्ध करता येत नाही.

दंड किती?

महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ च्या सुधारित दरांनुसार नो पार्किंगला पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास १५०० रुपये. टोइंगचे पैसे वेगळे, ते शहर आणि गाडीच्या प्रकारानुसार बदलतात. गाडीमुळे वाहतूकच अडली असेल तर कलम २०१ लागू शकतं, त्यात ५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अपघातात सापडलेल्या गाडीला मात्र हा दंड पंचनाम्याची प्रक्रिया पूर्ण झाल्यावरच लागू होतो.

चलान चुकीचं वाटत असेल तर?

आधी mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर टाकून चलानाचा फोटो, ठिकाण आणि वेळ पाहा. नंबर प्लेटवरचा एखादा आकडा चुकीचा वाचला गेल्याने दुसऱ्याच गाडीचं चलान आपल्या नावावर येतं, असं घडतं. फोटोतली गाडी तुमची नसेल तर तक्रार सोपी आहे. त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवताना आपल्या गाडीचा नंबर, मॉडेल आणि रंग दिसेल असा फोटो जोडा.

गाडी तुमचीच असेल पण पाटी दिसत नव्हती असं म्हणणं असेल, तर काम त्याच दिवशी करावं लागतं. गाडी जिथे होती तिथून, चालकाच्या उंचीवरून पाटीच्या दिशेने फोटो काढा. पाटी फांदीमागे आहे, बॅनरने झाकली आहे, उलटी फिरली आहे की बाण दुसऱ्या बाजूचा आहे, हे त्या एका फोटोत दिसायला हवं. मग थोडं मागे जाऊन सगळा रस्ता एका चौकटीत घ्या, म्हणजे गाडी आणि पाटी यांतलं अंतर कळेल. आठवड्याने महापालिका फांदी छाटते आणि तुमचं म्हणणं खरं असूनही दाखवायला काही उरत नाही. जागा वरच्या यादीतली असेल, म्हणजे चौकाजवळची किंवा बस थांब्याची, तर पाटी न दिसण्याचा मुद्दा चालणार नाही, कारण तिथे पाटीची गरजच नव्हती. तक्रार मान्य झाली नाही आणि तुम्हाला तुमची बाजू पक्की वाटत असेल, तर न्यायालयात बाजू मांडता येते. त्यासाठी हेच फोटो मूळ फाइलसह जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत फोटो काढल्याची वेळ आणि जागा राहत नाही.